एका रविवारच्या भोजनगृहाची परखड समीक्षा

पुण्याच्या मार्केट यार्डापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हे भोजनगृह आहे. दारावर फलक नाही, दरपत्रक नाही आणि आरक्षणाची सोयही नाही. दर रविवारी सायंकाळी ते केवळ चार पाहुण्यांसाठी उघडते व सूर्यास्तापूर्वी बंद होते. संचालक, आचारी, वाढपी आणि भांडी घासणारा या चारही जबाबदाऱ्या एकच गृहस्थ सांभाळतात. भुसार मालाच्या व्यापारात त्यांची चाळीस वर्षे गेली आहेत. तूरडाळीचा दाणा दाताखाली धरून माल कोणत्या हंगामातला ते सांगणारा हा माणूस तीच डाळ पातेल्यात पडल्यावर तिला ओळखत नाही, हे या भोजनगृहाचे पहिले वैशिष्ट्य होय.

येथील भोजनसूची ठरलेली असते. गट्ट्यांची भाजी, कढी, मुगाच्या डाळीची खिचडी, फुलके, पापड आणि शेवटी ताक. पूर्वीच्या व्यवस्थापनाच्या काळापासून, म्हणजे सुमारे तीस वर्षे, हीच सूची चालत आली आहे. पाहुणेही तेच चार आहेत. बदलले आहेत ते फक्त हात.

स्थळ व वातावरण

बैठक जमिनीवर आहे. पाट स्वच्छ, थाळ्या लखलखीत आणि पाणी उकळून गाळलेले. या बाबतीत तक्रारीला जागा नाही. स्वयंपाकघरातील फळीवर डब्यांची रांग आहे. कोणत्या डब्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेले नाही, कारण पूर्वीच्या संचालिकेला ते लिहून ठेवण्याची गरज कधी पडली नव्हती. सध्याचे संचालक प्रत्येक फोडणीच्या वेळी चार डबे उघडतात, वास घेतात आणि बंद करतात. तोवर तेलातून धूर निघू लागतो. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येते ते प्रथम या धुराने.

हिंग

जेथे कांदा-लसूण नाही, तेथे स्वादाचा मोठा भार हिंगावर पडतो. चांगल्या हातात हिंग पदार्थाच्या मागे उभा असतो. तो दिसत नाही, पण नसला तर कळते. या भोजनगृहात मात्र हिंग पदार्थाच्या पुढे उभा आहे, आणि इतर कोणाला पुढे येऊ देत नाही.

कारण शोधल्यावर सापडले. घराघरांतून वापरला जाणारा बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. मूळ हिंगाच्या चिकात मैदा आणि गोंद मिसळून तो सौम्य केलेला असतो. चौघांच्या भाजीला त्याचा पाव चमचा चालून जातो. पूर्वीच्या व्यवस्थापनाची हिंगाची डबी संपली, तेव्हा संचालकांनी आपल्या व्यापारी बाण्याला अनुसरून बाजारातील सर्वांत अस्सल व सर्वांत महाग खडा आणला. माप मात्र जुन्या डबीतील चमच्याचेच ठेवले. अस्सल खड्याचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा गरम तेलात विरघळला तरी पातेलेभर भाजीला पुरतो. येथे त्याचा पाव चमचा भाजीत, पाव चमचा कढीत, आणि हात उदार झाल्यामुळे एक चिमूट ताकातही पडली. पहिल्या रविवारी एका पाहुण्याच्या घरच्या मंडळींनी तो जिन्यात असतानाच ओळखले की तो कोठून जेवून येत आहे.

गट्ट्यांची भाजी

हा येथील मानाचा पदार्थ. तो प्रथम वाढला जातो आणि शेवटी संपतो.

गट्ट्याला वरून जिलेटिनसारखा बुळबुळीत थर होता व आत पेढीवरच्या वजनासारखा घट्ट गाभा. चमच्याने तो तुटत नव्हता. दाबला की थाळीतून निसटून शेजारच्या पाहुण्याच्या थाळीत जाई, आणि शेजारचा पाहुणा त्याचे स्वागत करीत नसे.

एकाच गट्ट्यात हे दोन परस्परविरोधी दोष कसे आले, याचा उलगडा स्वयंपाकघरात डोकावल्यावर झाला. आतला कठीणपणा मोहनाच्या अभावाने आला होता. दोन वाट्या बेसनाला साधारण तीन मोठे चमचे तेल लागते. ते पिठाला चोळून मूठ वळून पाहावी. मूठ उघडल्यावर पीठ आकार धरून राहिले तर मोहन पुरेसे आहे. संचालकांनी तेल आरोग्याला वाईट असते म्हणून एकच चमचा घातला आणि पीठ फुलक्याच्या कणकेसारखे रगडून मळले. अनेक घरांत गट्टे मऊ व्हावेत म्हणून पिठात दही घालतात. परंतु कच्चे दही आणि डाळीचे पीठ एकत्र करायचे नसेल तर तो मार्ग बंद असतो. मग मऊपणाची सगळी जबाबदारी मोहनावर येते, आणि येथे मोहनच नव्हते.

बाहेरचा बुळबुळीतपणा घाईतून आला. पाण्याला खळखळून उकळी फुटण्यापूर्वीच वळकट्या आत सोडल्या गेल्या. कोमट पाण्यात बेसनाचा वरचा थर विरघळतो. उकळत्या पाण्यात तो लगेच आवळतो व आतले पीठ धरून ठेवतो. दहा-बारा मिनिटांत वळकट्या वर तरंगतात, त्यांच्या अंगावर बारीक फोड दिसतात आणि सुरी घातली तर ती स्वच्छ बाहेर येते. ही तीनही चिन्हे पाहण्यास संचालकांना वेळ नव्हता, कारण ते फुलके शोधत होते. फुलके तव्याखाली गेले होते.

कढी

कढीविषयी लिहिताना समीक्षेची भाषा संयत ठेवणे कठीण जाते.

थाळीत जे आले त्यात वर हिरवट पाणी होते, तळाशी पांढरे दाणे होते आणि मधोमध बेसनाच्या गुठळ्या स्वतंत्रपणे विहार करीत होत्या. तीन घटक एका वाटीत राहत होते, परंतु त्यांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. वाटणी झालेल्या पेढीचे असे चित्र व्यापाऱ्यांना अपरिचित नसते.

येथे संचालकांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जैन स्वयंपाकघरातील कढी ही इतरांच्या कढीपेक्षा अवघड असते. इतरत्र थंड ताकातच बेसन घुसळून मग पातेले विस्तवावर ठेवतात. ताक तापते तसे बेसनातील सत्त्वही फुलते, ते दह्याच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, आणि कढी फाटत नाही. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरात हे चालत नाही. कच्च्या ताकाला डाळीच्या पिठाचा स्पर्श होता कामा नये, म्हणून ताक आधी एकटे तापवावे लागते. बेसनाच्या आधाराविना तापलेले ताक फाटायला एक क्षण पुरतो. संचालकांनी नियम काटेकोर पाळला. ताक मोठ्या आचेवर ठेवले आणि ते पापड भाजायला वळले. पापडाची एक बाजू काळी होईपर्यंत ताकाचे दोन भाग झाले होते. मग त्यात कोरडे बेसन भुरभुरवण्यात आले, आणि पुढचे वर्णन वर आलेच आहे.

पूर्वीच्या व्यवस्थापनाची कढी तीस वर्षांत एकदाही फाटली नाही. ती काय करीत असे हे संचालकांनी कधी पाहिले नव्हते. पाहुण्यांपैकी एकाच्या पत्नीने ते पाहिले होते. भाभीजी आंबट ताक कढीला घेत नसत. अर्धा लिटर ताज्या ताकात एक चमचा तांदळाची पिठी घालत. तांदूळ द्विदलात मोडत नाही, त्यामुळे नियम मोडत नाही, आणि बेसनाचे काम काही वेळ पिठी करते. मग मंद आच. बोट टेकवले तर टिकणार नाही इतके ताक तापेपर्यंत पळी सतत फिरती. दुसऱ्या भांड्यात बेसन साध्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवलेले असे. ते बारीक धारेने तापलेल्या ताकात, आणि पुन्हा पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबायची नाही. उकळी आल्यावर कढीला धोका उरत नाही. मीठ त्यानंतर.

हे कोठेही लिहिलेले नव्हते. त्यांना लिहून ठेवण्याची गरज कधी पडली नव्हती.

खिचडी

न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे की खिचडी उत्तम होती.

तांदूळ जुना होता. जुना तांदूळ पाणी अधिक पितो आणि शिजल्यावर मोकळा राहतो. नवा असता तर तेवढ्याच पाण्यात लगदा झाला असता. मुगाची डाळ यंदाच्या मालातली, एकसारख्या दाण्याची, निवडून अर्धा तास भिजवलेली होती. संचालकांनी पाण्याचे माप विचारले नाही. त्यांनी दाणा नखाने दाबला आणि पाणी ओतले. ज्या ठिकाणी त्यांनी आपल्या धंद्यातील ज्ञान वापरले तेथे चूक झाली नाही. तूपही पुरेसे होते. चारही पाहुण्यांचे त्या सायंकाळचे पोषण या एका पदार्थावर झाले.

सेवा

डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांसाठी त्यापूर्वी जेवण आटोपून पाणीही पिऊन झालेले असावे लागते. संचालक हिशेबाच्या वह्या मिटवून साडेचारला स्वयंपाकघरात गेले. पहिला गट्टा थाळीत पडला तेव्हा पाच वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. त्यानंतर वाढणे हे वाढणे न राहता माल उतरवणे झाले. फुलका वाढला जाई तोवर भाजी नसे, भाजी येई तोवर फुलका वाळून जाई. एक पाहुणा सतत खिडकीतून आकाश पाहत होता. दुसरा सतत घड्याळ पाहत होता. थाळीकडे कोणीच पाहत नव्हते, आणि त्यातच सर्वांचे हित होते.

इतर भोजनगृहांत समीक्षक एक घास घेऊन थाळी बाजूला सारू शकतो. ही सवलत येथे नाही. या घरात उष्टे टाकले जात नाही. थाळी संपवून ती पाण्याने धुऊन ते पाणी पिण्याची रीत चारही पाहुण्यांच्या घरी आहे. म्हणून प्रत्येकी सात गट्टे संपवले गेले. कढीचे पाणी, दाणे आणि गुठळ्या संपल्या. थाळ्या धुऊन प्यायल्या गेल्या, हिंगासह. बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ऊनोदरी, रसपरित्याग आणि कायक्लेश हे तीन या एका भोजनात अनायासे घडले, असे एका पाहुण्याचे जिना उतरतानाचे मत होते.

प्रशंसेचा दोष

तथापि, या भोजनगृहाच्या अवस्थेला केवळ संचालक जबाबदार नाहीत. पाहुण्यांचा वाटाही मोठा आहे.

पहिल्या रविवारी थाळ्या धुऊन झाल्यावर संचालकांनी विचारले, “कसे झाले होते?” चौघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या घरात दीड वर्षाने पाने मांडली गेली होती. दीड वर्ष डबा येत होता, तो एकट्यानेच खाल्ला जात होता, आणि रविवारी कोणाला बोलावले जात नव्हते. अशा वेळी गट्ट्याच्या गाभ्याविषयी कोण बोलणार? चौघेही म्हणाले, “उत्तम.” एकाने तर भाभीजींच्या हाताची आठवण झाली असेही सांगितले. ते खरे होते, परंतु त्याने सांगितले त्या अर्थाने नव्हे.

परिणाम असा झाला की दुसऱ्या रविवारी गट्टे दुप्पट झाले. तिसऱ्या रविवारी प्रत्येकाला घरी नेण्यासाठी कढीचा डबा भरून मिळाला. हिंगाचा खडा आणखी मोठा आणला गेला. ज्या पेढीत नमुना पाहून कोणीच खोट काढत नाही, तेथे खराब मालाचीच मागणी नोंदवली जाते.

चौथ्या रविवारी संचालकांनी स्वतःच वाटी पुढे ठेवली आणि शांतपणे म्हटले, “मी रोज धान्याची प्रत ठरवतो. ही कढी फाटलेली आहे एवढे मला दिसते. तुम्ही चौघे मला का सांगत नाही? ती असती तर पहिल्याच दिवशी बोलली असती. मला खरे काय ते लिहून द्या.”

त्यांच्या या मागणीवरून प्रस्तुत समीक्षा तयार झाली. तिच्यातील एकही दोष वाढवून सांगितलेला नाही. जिलेटिनचा उल्लेख मात्र संचालकांच्या आग्रहाने खोडून त्या जागी “अगर-अगरसारखा” असे वाचावे, कारण पहिली वस्तू या घराच्या उंबऱ्यात नावानेही येत नाही.

पुनर्भेट

एका भेटीवरून निर्णय देऊ नये, असा समीक्षेचा संकेत आहे. समीक्षा हाती पडल्यानंतरच्या रविवारी पाहुण्यांनी पुन्हा भेट दिली.

संचालकांनी समीक्षेतील दोषांची यादी केली होती आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. तव्याखाली गेलेला फुलका, न उकळलेले पाणी, फाटलेले ताक, जळलेला पापड, या सर्वांचे मूळ एकच होते. एका माणसाने साडेचारला सुरुवात करून चार पदार्थ एकाच वेळी विस्तवावर ठेवले होते. परगावी सकाळी माल पोहोचवायचा असेल तर गाडी केव्हा भरायची हे ते चाळीस वर्षे उलटे मोजून ठरवत आले होते. तोच हिशेब त्यांनी सूर्यास्तावरून मांडला.

सहाला सूर्यास्त, म्हणून पाच वाजून पन्नास मिनिटांनी पाणी पिऊन झाले पाहिजे. सव्वापाचला पाने. म्हणून सव्वातीनला डाळ-तांदूळ भिजत घालायचे आणि गट्ट्यांचे पीठ मळायचे. पावणेचारपर्यंत गट्टे उकडून निवायला ठेवायचे, कारण गरम गट्टा कापला की चुरतो. उकडलेले पाणी टाकायचे नाही, तेच भाजीच्या रश्शाला. सव्वाचारपर्यंत भाजी. मग इतर कोणतेही काम हाती न घेता केवळ कढी, पळी हातात धरून. पावणेपाचला खिचडीचा कुकर, आणि तो निवत असता शेवटची वीस मिनिटे फुलक्यांना. कागद फळीवर डब्यांच्या शेजारी चिकटवला होता. डब्यांवरही आता नावे आली होती, वहीखात्याच्या वळणदार अक्षरांत.

गट्टा चमच्याने तुटला. आत जाळी होती. कढी एकसंध होती, जराशी पातळ, परंतु वाटीच्या कडेला पिवळा पातळ थर धरून उतरत होती. फुलके सहा फुगले व चार फुगले नाहीत. हिंग अद्याप अधिक आहे. खडा महाग पडला असल्याने तो संपेपर्यंत वापरण्याचा संचालकांचा निर्धार दिसतो.

पहिला घोट घेतल्यावर चौघांपैकी सर्वांत वयस्कर पाहुणे म्हणाले, “मीठ कमी आहे.”

संचालक उठले, मीठ आणले, आणि पुन्हा पाटावर बसताना पहिल्यांदाच हसले.

निकाल

वातावरण : पाचपैकी चार. धूर थांबल्यास साडेचार.

खिचडी : पाचपैकी पाच.

गट्टे : पहिल्या भेटीत शून्य, पुनर्भेटीत तीन.

कढी : पहिल्या भेटीत गुण देण्यासारखा पदार्थ आढळला नाही. पुनर्भेटीत साडेतीन. मीठ घातल्यावर पावणेचार.

हिंग : पाचपैकी नऊ.

दर : विनामूल्य. मात्र प्रत्येक पाहुण्याने पदार्थातील किमान एक खरा दोष सांगितल्याशिवाय उठू नये, असा नवा नियम संचालकांनी लागू केला आहे.

शिफारस : जाण्यास योग्य. सव्वापाचपूर्वी पोहोचावे. पुढील रविवारी संचालक कच्च्या केळ्याची भाजी प्रथमच करणार आहेत. केळे कापून लगेच पाण्यात टाकावे, नाहीतर ते काळे पडते, हे त्यांना कळवण्यात आले आहे. चारही पाने आरक्षित आहेत.